विश्लेषण : छोट्या डेस्कटॉपसाठी मायक्रो एटीएक्स की मिनी आयटीएक्स? वाचलेल्या सात सेंटीमीटरची किंमत किती?

टेबलावर जागा कमी, घरात त्याहून कमी. त्यामुळे जुना, गुडघ्याएवढा डेस्कटॉप काढून छोटा संगणक जुळवून घेण्याकडे अनेकांचा कल आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन दुकानांत चौकशी केली, की पहिला प्रश्न येतो तो मदरबोर्डच्या आकाराचा : मायक्रो एटीएक्स की मिनी आयटीएक्स? बहुतेक ग्राहक फोटो पाहून छोट्याला पसंती देतात. मात्र खरा हिशेब त्यापुढे सुरू होतो. किती कार्डे बसणार, कोणता कूलर मावणार आणि मे महिन्यात हा संगणक किती तापणार, हे त्या एका निवडीने बरेचसे ठरून जाते. म्हणूनच छोटा संगणक घेताना बोर्ड सर्वात शेवटी निवडावा, आधी नाही.

दोन बोर्डांत नेमका फरक काय?

नेहमीचा मोठा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो. इंटेलने १९९५ मध्ये हे माप आणले आणि १९९७ मध्ये त्याचीच आखूड आवृत्ती म्हणून मायक्रो एटीएक्स आणले. त्याचे कमाल माप २४४ बाय २४४ मिलिमीटर, आणि कार्डांसाठी जास्तीत जास्त चार स्लॉटची जागा. मिनी आयटीएक्स मात्र व्हीआयए या तैवानी कंपनीने २००१ मध्ये आणले. त्याचे माप १७० बाय १७० मिलिमीटर आणि स्लॉट एकच.

म्हणजे दोन्ही बाजूंनी फरक सुमारे साडेसात सेंटीमीटरचा. क्षेत्रफळात मिनी आयटीएक्स निम्म्याहूनही लहान भरतो. या निम्म्या जागेत प्रोसेसर तोच बसतो, ग्राफिक्स कार्डही तेच बसते. कापले जाते ते बाकीचे : खालचे तीन स्लॉट, मेमरीच्या चारपैकी दोन जागा, एखाददुसरी एसएसडीची जागा आणि प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावरील हीटसिंकचा काही भाग.

यातील मेमरीची काळजी आता फारशी उरलेली नाही. ४८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या, तर दोन जागांतच ९६ जीबी होतात. उलट डीडीआर-५ मेमरीच्या चार पट्ट्या लावल्या की बहुतेक संगणकांत तिचा वेग कमी ठेवावा लागतो. त्यामुळे ‘चार पट्ट्या बसतात’ हा मायक्रो एटीएक्सचा जुना युक्तिवाद आज लंगडा आहे. खरी लढत स्लॉट आणि हवा या दोनच मुद्द्यांवर आहे.

बोर्ड लहान म्हणजे संगणक लहान का?

नाही. संगणकाचा आकार कॅबिनेट ठरवते, आणि कॅबिनेट लिटरमध्ये मोजावे. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा आणि हजाराने भागावे. घरात येणारा पाण्याचा जार २० लिटरचा असतो. तो डोळ्यासमोर ठेवला की अंदाज लगेच येतो.

मिनी आयटीएक्ससाठी लोकप्रिय ठरलेले कूलर मास्टरचे एनआर २०० हे कॅबिनेट सुमारे १८ लिटरचे, म्हणजे जारपेक्षा किंचित लहान. मायक्रो एटीएक्ससाठी लियान ली कंपनीचे ए ३ हे सुमारे २६ लिटरचे, तर असूसचे एपी २०१ हे ३३ लिटरचे आहे. एनआर २०० आणि ए ३ शेजारी ठेवले, तर फरक लांबीत सुमारे सात सेंटीमीटर, उंचीत तीन आणि रुंदीत जेमतेम एक सेंटीमीटरचा निघतो. टेबलावर हा फरक एका मोबाइल फोनच्या रुंदीएवढा आहे. तेवढ्यासाठी तीन स्लॉट सोडणे फार थोड्यांनाच परवडेल.

मिनी आयटीएक्सची खरी किमया दिसते ती १० लिटरच्या आसपास. फ्रॅक्टल कंपनीचे टेरा हे कॅबिनेट १०.४ लिटरचे आहे. तिथे मायक्रो एटीएक्स बोर्ड शिरूच शकत नाही. पण एवढ्या जागेत नेहमीचा एसएमपीएसही बसत नाही. त्यासाठी एसएफएक्स प्रकारचा छोटा एसएमपीएस घ्यावा लागतो. तो तेवढ्याच वॉटच्या साध्या एसएमपीएसपेक्षा महाग पडतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा मिळत नाही. बंद पडला, तर बदली येईपर्यंत थांबावे लागते.

म्हणून पहिला निकष साधा आहे. संगणक १५ लिटरच्या आत बसवायचाच असेल, तर मिनी आयटीएक्सला सहसा पर्याय नाही. १८-२० लिटरपर्यंत जायची तयारी असेल, तर २६ लिटरपर्यंत जायला हरकत काय, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

एकच स्लॉट पुरतो का?

अनेकांना पुरतो, हे मान्य करायला हवे. पूर्वी साऊंड कार्ड, नेटवर्क कार्ड, वाय-फाय कार्ड अशी वेगवेगळी कार्डे लावावी लागत. आज हे सगळे बोर्डावरच असते. गेम खेळणाऱ्याला किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ग्राफिक्स कार्डापलीकडे दुसरे कार्ड लावण्याची वेळ बहुधा येतच नाही.

प्रश्न येतो तो संगणकावर पोट असणाऱ्यांचा. समजा, पुण्यात वन बीएचके घरातून लग्नाच्या व्हिडीओचे काम करणारा एक व्यावसायिक आहे. दिवसा मंगल कार्यालयात तीन कॅमेऱ्यांचे चित्र एकत्र करून परगावच्या नातेवाइकांसाठी थेट प्रक्षेपण, रात्री घरी संकलन. त्याला ग्राफिक्स कार्ड हवेच, शिवाय तीन-चार एचडीएमआय जोडण्या घेणारे कॅप्चर कार्डही हवे. संगणक गाडीतून न्यावा लागतो म्हणून तो छोटा हवा. असा ग्राहक सहज मिनी आयटीएक्सकडे ओढला जातो.

तिथे त्याची कोंडी होते. एका स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड बसले की कॅप्चर कार्डाला जागा नाही. मग यूएसबीवर चालणारी तीन कॅप्चर उपकरणे घ्यावी लागतात. एक उपकरण व्यवस्थित चालते. तीन उपकरणे एकाच यूएसबी कंट्रोलरवर आली की त्याची क्षमता वाटून घ्यावी लागते, आणि चित्र अडखळू लागते किंवा एखादा कॅमेरा मधूनच गायब होतो. अक्षता पडत असताना हे घडले तर दुसरी संधी नसते. अशा कामासाठी दुसरा स्लॉट ही चैन नाही, गरज आहे.

चार स्लॉट म्हणजे खरेच चार का?

मायक्रो एटीएक्सच्या समर्थकांची चूक होते ती इथे. खोक्यावर छापलेले स्लॉट आणि प्रत्यक्ष वापरता येणारे स्लॉट यांत मोठी तफावत असते.

दोन स्लॉटमधील अंतर २०.३२ मिलिमीटर, म्हणजे अवघे दोन सेंटीमीटर असते. आजची अनेक ग्राफिक्स कार्डे पाच-सहा सेंटीमीटर जाड आहेत. म्हणजे एक कार्ड तीन स्लॉटची जागा अडवते. पहिल्या स्लॉटमध्ये असे कार्ड लावले, तर दुसरा आणि तिसरा झाकला जातो आणि उरतो फक्त चौथा. त्यातही अडचण आहे. चौथ्या स्लॉटमधील कार्ड ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांना जवळजवळ चिकटते आणि त्यांची हवा अडवते.

काही बोर्डांवर तर वर एसएसडीला जागा देण्यासाठी ग्राफिक्स कार्डाचा मोठा स्लॉट दुसऱ्या क्रमांकावर ठेवलेला असतो. तिथे तीन स्लॉट जाडीचे कार्ड लावले, की दुसरा, तिसरा, चौथा हे तिन्ही संपतात. मायक्रो एटीएक्स घेऊनही हाती मिनी आयटीएक्सच येतो, तोही मोठ्या खोक्यात.

दुसरी गोम लेनची. स्लॉट लांबीने ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटसारखा दिसला, तरी त्यात १६ लेन असतीलच असे नाही. स्वस्त मायक्रो एटीएक्स बोर्डांवर खालच्या लांब स्लॉटमध्ये अनेकदा चारच लेन असतात, कधी फक्त एक. काही बोर्डांवर दुसरी किंवा तिसरी एसएसडी लावली, की तो स्लॉट बंद पडतो किंवा अर्ध्या क्षमतेने चालतो. ही माहिती जाहिरातीत नसते. ती बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत स्लॉटच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत असते. ही पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. पैसे देण्यापूर्वी हे एक पान वाचले, तर पुढचा मनस्ताप टळतो.

लहान कॅबिनेट जास्त तापते का?

या मुद्द्यावर सर्वाधिक गैरसमज आहेत. उष्णता कॅबिनेटच्या आकारातून येत नाही, विजेतून येते. वरच्या उदाहरणातील संगणकात ६५ वॉट वर्गातील प्रोसेसर असेल, तर पूर्ण भारावर तो सुमारे ८८ वॉट घेतो. मध्यम ताकदीचे ग्राफिक्स कार्ड २०० वॉट घेते. उरलेल्या भागांचे ५० वॉट धरले, तर एकूण साधारण ३४० वॉट होतात. ही सगळी वीज अखेर उष्णतेत बदलते, मग खोके १० लिटरचे असो वा ३० लिटरचे.

ती उष्णता बाहेर नेते ती हवा. दर सेकंदाला एक लिटर हवा खोक्यातून गेली, तर ती एका अंशाने तापताना सुमारे १.२ वॉट उष्णता घेऊन जाते. हिशेब मांडला तर सेकंदाला १५ लिटर हवा खेळत असताना बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा सुमारे १९ अंशांनी गरम असेल. हवा ३० लिटर केली, तर वाढ साडेनऊ अंशांवर येते. खोलीतच ३५ अंश असतील, तर पहिल्या संगणकातून ५४ अंशांची आणि दुसऱ्यातून साधारण ४५ अंशांची हवा बाहेर पडेल.

म्हणजे प्रश्न लिटरचा नसून हवेच्या वाटेचा आहे. मोठ्या कॅबिनेटमध्ये १२० मिलिमीटरचे तीन-चार पंखे सावकाश फिरून हवा पुरवतात. छोट्यात पंखे कमी, वाटा अरुंद आणि मध्ये तारांचा गुंता. तेवढीच हवा हवी असेल, तर पंखे जोरात फिरवावे लागतात आणि आवाज वाढतो. नागपूर, जळगाव, सोलापूर अशा शहरांत उन्हाळ्यात ही तफावत आणखी जाणवते, कारण आत येणारी हवाच गरम असते. परदेशी चित्रफितींतील चाचण्या बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. तिथे ७५ अंशांवर चालणारे ग्राफिक्स कार्ड इथे मे महिन्यात १३-१५ अंश वर सरकणार, हे गृहीत धरावे.

मिनी आयटीएक्सच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. चांगल्या छोट्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड जाळीच्या बाजूला अगदी चिकटून असते आणि थेट खोलीतील ताजी हवा ओढते. त्यामुळे त्याचे तापमान अनेकदा मोठ्या, बंद काचेच्या कॅबिनेटपेक्षा चांगले राहते. छोट्या खोक्यात खरी पंचाईत होते ती प्रोसेसरची.

कूलरची उंची एवढी महत्त्वाची का?

साधा, उभा, एका टॉवरचा एअर कूलर सुमारे १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतो. लियान लीच्या ए ३ मध्ये १६५ मिलिमीटरपर्यंतचा कूलर बसतो, एनआर २०० मध्ये सुमारे १५५ पर्यंतचा. टेरामध्ये मात्र ४८ ते ७७ मिलिमीटर एवढीच जागा असते. तीही ग्राफिक्स कार्डाच्या जाडीवर अवलंबून, कारण मधली भिंत सरकवली की एकाची जागा दुसऱ्याला जाते. जाड कार्ड घेतले तर कूलर बुटका, उंच कूलर घेतला तर कार्ड पातळ.

बुटक्या कूलरवर ६५ वॉट वर्गातील प्रोसेसर आरामात चालतो. १७० वॉट वर्गातील मोठा प्रोसेसर त्यावर लावला, तर तो तापमानाच्या मर्यादेला जाऊन भिडतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरसाठी ही मर्यादा ९५ अंशांची आहे. संगणक जळत नाही, बंदही पडत नाही. पण ज्या वेगाचे पैसे मोजले, तो मिळत नाही. यावर एक चांगला उपाय बायोसमध्येच असतो : इको मोड निवडून प्रोसेसरची वीज मर्यादित ठेवणे. मोठ्या रेंडरला थोडा जास्त वेळ लागतो, त्या बदल्यात आवाज आणि उष्णता दोन्ही चांगलीच उतरतात.

संगणक गुदमरतो आहे, हे कसे ओळखावे?

यासाठी महागडे उपकरण लागत नाही. HWiNFO हा मोफत प्रोग्रॅम सुरू करावा आणि नेहमीचे जड काम, म्हणजे रेंडर किंवा गेम, अर्धा तास चालू ठेवावे. पाच मिनिटांची चाचणी फसवते, कारण छोटे खोके आतून पूर्ण तापायला वेळ लागतो. अर्ध्या तासानंतर प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी यांची तापमाने लिहून ठेवावीत. मग कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून तेच काम आणखी अर्धा तास चालवावे.

पट्टी काढल्यावर तापमान सात-आठ अंशांनी किंवा त्याहून अधिक उतरले, तर दोष हवेच्या वाटेचा आहे. पंख्याची दिशा तपासावी, जाळीवरची धूळ काढावी, तारा बाजूला बांधाव्यात. तापमान जेमतेम एक-दोन अंशांनीच उतरले, तर खोके निर्दोष आहे. कूलर अपुरा आहे, नीट आवळलेला नाही किंवा त्याखालची पेस्ट वाळली आहे. एसएसडी एकटीच तापत असेल, तर ती ग्राफिक्स कार्डाच्या मागे किंवा खाली दडलेली आहे का, ते पाहावे. मिनी आयटीएक्समध्ये दुसरी एसएसडी अनेकदा बोर्डाच्या मागच्या बाजूला असते. तिथे वाराच पोहोचत नाही.

छोट्या कॅबिनेटमधील आणखी एक नेहमीचा घोळ म्हणजे रायझर केबल. अनेक छोट्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड बोर्डाच्या पाठीमागे बसते आणि या पट्टीसारख्या केबलने जोडले जाते. केबल पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीची आणि कार्ड चौथ्या पिढीचे असेल, तर पडदा काळाच राहू शकतो किंवा संगणक मध्येच अडकतो. ग्राहक कार्ड सदोष समजून परत पाठवतो. प्रत्यक्षात बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग तिसऱ्या पिढीवर ठेवला, की बहुतेकदा प्रश्न सुटतो.

मग या व्यावसायिकाने काय घ्यावे?

त्याचा हिशेब कार्डांपासून सुरू व्हावा. दोन कार्डे हवीत, म्हणजे मिनी आयटीएक्स बाद. पण केवळ मायक्रो एटीएक्स म्हणून भागणार नाही. बोर्ड असा हवा, की ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट पहिल्या क्रमांकावर आणि किमान चार लेनचा दुसरा स्लॉट चौथ्या क्रमांकावर आहे, आणि एसएसडी लावल्यावरही तो चालू राहतो. कॅप्चर कार्डाला किती लेन लागतात, तेही त्याच वेळी पडताळावे. ग्राफिक्स कार्ड दोन स्लॉट जाडीचेच घ्यावे. म्हणजे पहिले दोन स्लॉट ग्राफिक्स कार्डाचे, तिसरा हवेसाठी मोकळा आणि चौथ्यात कॅप्चर कार्ड. तो रिकामा तिसरा स्लॉट वाया गेलेला नाही. ग्राफिक्स कार्ड त्यातूनच श्वास घेते.

त्याबरोबर ६५ वॉट वर्गातील प्रोसेसर, एका टॉवरचा साधा कूलर, साधा एटीएक्स एसएमपीएस आणि २६ लिटरच्या आसपासचे कॅबिनेट. ही जुळणी गाडीच्या मागच्या सीटवर मावते, ३५ अंशांच्या खोलीत रात्रभर रेंडर करते आणि लग्नसराईत एसएमपीएस गेला, तर त्याच दिवशी नवा आणून लावता येतो. सर्वात छोटा संगणक हा नव्हे. पण ज्याचे काम थांबणे परवडत नाही, त्याच्यासाठी हाच पुरेसा छोटा आहे.

मिनी आयटीएक्स कुणी घ्यावा?

ज्याला ग्राफिक्स कार्डाशिवाय दुसरे कार्ड कधीच लावायचे नाही आणि ज्याची जागा खरोखर १०-१५ लिटरचीच आहे, त्याने. वसतिगृहातून सुट्टीत घरी संगणक नेणारा विद्यार्थी, दिवाणखान्यात टीव्हीखालच्या कप्प्यात संगणक ठेवू पाहणारे कुटुंब, किंवा ग्राफिक्स कार्डच नको असलेले छोटे कार्यालय यांच्यासाठी तो योग्य आहे. त्यांनी महाग बोर्ड, एसएफएक्स एसएमपीएस आणि बुटका कूलर यांचा वाढीव खर्च आधीच धरावा.

मनात अजून धाकधूक असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. मिनी आयटीएक्स बोर्डाची स्क्रूची छिद्रे मोठ्या बोर्डांच्या छिद्रांशी जुळतात, त्यामुळे तो मायक्रो एटीएक्स कॅबिनेटमध्ये बसतो. उलटे मात्र होत नाही. आज २६ लिटरचे कॅबिनेट घेणाऱ्याला उद्या बोर्ड लहान करता येतो. १० लिटरचे कॅबिनेट घेणाऱ्याला दुसऱ्या कार्डाची गरज भासली, तर कॅबिनेट, बोर्ड आणि बऱ्याचदा एसएमपीएसही नव्याने घ्यावा लागतो.